टिंकरकॅडमध्ये पहिला डेस्क ऑर्गनायझर: ठोकळा, पोकळी आणि प्रिंट

थ्रीडी प्रिंटरवर छापायचा टेबलावरचा ऑर्गनायझर म्हणजे भिंतींनी बांधलेलं छोटं घर, असं समजून बरेच जण कामाला लागतात. एक पातळ उभी पट्टी काढतात, तिच्या शेजारी दुसरी, मग तळ, मग मधली आडवी भिंत. आठ-दहा तुकडे एकमेकांना चिकटवताना कुठेतरी अर्ध्या मिलिमीटरची फट राहते आणि ती प्रिंट हातात आल्यावरच दिसते. टिंकरकॅडमध्ये यापेक्षा उलटा रस्ता सोपा पडतो. आधी भरीव ठोकळा घ्यायचा आणि त्यातून कप्पे कोरून काढायचे. भिंती आपण बनवतच नाही, कोरून झाल्यावर जे उरतं ती भिंत.

टिंकरकॅड हे थ्रीडी आकार बनवायचं ऑटोडेस्क कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि ते ब्राउझरमध्येच चालतं. tinkercad.com वर खातं उघडा, नवीन `3D Design` सुरू करा. लॅपटॉपला माउस जोडलेला असेल तर फार बरं. उजवं बटण दाबून ओढलं की दृश्य फिरतं, चाकाने जवळ-लांब होतं. टचपॅडवरही जमतं, पण चिडचिड होते.

आधी वस्तू मोजा

संगणक उघडण्यापूर्वी टेबलावर रोज काय पडलेलं असतं ते एकत्र करा. पेन, पेन्सिली, कात्री, 15 सेंटिमीटरची पट्टी, खोडरबर, शार्पनर, पेन ड्राइव्ह, यू-पिनांची डबी. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर साधी पट्टी पुरते. प्रत्येक वस्तूची रुंदी आणि जाडी लिहून घ्या आणि दर मापात 1 ते 2 मिमी मोकळीक वाढवा. ही मोकळीक उगाच नाही. वितळलेल्या प्लास्टिकच्या धाग्याने छापलेला कप्पा चित्रातल्या मापापेक्षा किंचित लहान येतो, आणि वस्तू आत जाण्याइतकीच बाहेर निघणंही गरजेचं असतं.

कात्री पात्यांकडून आत जाते, म्हणून पात्यांची रुंदी मोजायची, मुठीची नाही. पेनांच्या कप्प्याची उंची ठरवताना सगळ्यात लांब पेनाकडे बघू नका, सगळ्यात आखूड पेन्सिलीकडे बघा. कप्पा 90 मिमी उंच आणि पेन्सिल झिजून 80 मिमीवर आलेली असेल तर ती तळाशी बुडेल आणि तुम्ही ती विसरून जाल.

इथे आपण चार कप्प्यांचा ऑर्गनायझर करू. मागे उंच भागात पेनांसाठी 76 × 46 मिमीचा आणि कात्री-पट्टीसाठी 38 × 46 मिमीचा कप्पा. पुढे बुटक्या भागात त्याच रुंदीचे, पण 38 मिमी खोल दोन ट्रे, बारीकसारीक वस्तूंसाठी. सगळ्या भिंती आणि तळ 2 मिमी जाडीचे.

एकूण रुंदी या मापांतूनच निघते: डावी भिंत 2, कप्पा 76, मधली भिंत 2, कप्पा 38, उजवी भिंत 2. बेरीज 120. पुढून मागे मोजलं तर 2 + 38 + 2 + 46 + 2, म्हणजे 90. तुमच्या वस्तू वेगळ्या असतील तर कप्प्यांचे आकडे बदला आणि बेरीज नव्याने करा. बाहेरचं माप आधी ठरवून त्यात कप्पे कोंबायला गेलात तर भिंती पातळ होत जातात आणि ते लक्षातही येत नाही. 120 × 90 मिमीचा पाया घरगुती प्रिंटरच्या बेडवर, म्हणजे ज्या सपाट पाटावर वस्तू छापली जाते त्यावर, सहज बसतो. त्यातले बरेचसे बेड 220 × 220 मिमीच्या आसपासचे असतात.

मोजपट्टी लावून आकडे लिहा

टिंकरकॅडचं निळसर जाळीचं पटल 200 × 200 मिमीचं असतं. आकार माउसने ओढून जुळवता येतात आणि पडद्यावर ते अगदी जुळलेले दिसतातही. पण डोळ्याला जुळलेलं आणि खरोखर जुळलेलं यात फरक असतो, म्हणून पहिल्या दिवसापासून आकडे लिहायची सवय लावा.

त्यासाठी `Ruler` हे साधन आहे. कीबोर्डवर `R` दाबा आणि पटलाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळ एकदा क्लिक करा. आता कुठलाही आकार निवडला की त्याची लांबी, रुंदी, उंची दिसते आणि तो मोजपट्टीच्या शून्यापासून किती अंतरावर आहे तेही दिसतं. प्रत्येक आकड्यावर क्लिक करून हवा तो आकडा लिहिता येतो. मोजपट्टीवर एक छोटं गोल बटण असतं, ते अंतर कडेपासून मोजायचं की मध्यापासून हे बदलतं. आपल्याला कडेपासून हवं आहे. आकडे विचित्र यायला लागले तर आधी ते बटण तपासा, बहुतेक वेळा तेच चुकून दाबलं गेलेलं असतं.

उजव्या बाजूच्या यादीतून `Box` ओढून आणा. तो 20 × 20 × 20 मिमीचा लाल ठोकळा असतो. त्याचे दोन ठोकळे करायचे, पुढचा बुटका आणि मागचा उंच. मग राखाडी तिरक्या रेषांचा पोकळीचा, म्हणजे कोरून काढणारा, `Box` आणा. किंवा साधा ठोकळा आणून त्याच्या खिडकीत `Hole` निवडा, दोन्ही एकच. एक पोकळी झाली की `Ctrl+D` ने तिची प्रत काढा आणि आकडे बदला. प्रत मूळ आकाराच्या अगदी वरच पडते, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. तिला बाजूला सरकवलं की दोन्ही दिसतात.

खालच्या तक्त्यात X म्हणजे डावीकडून, Y म्हणजे आपल्या बाजूकडून आणि Z म्हणजे पटलापासून वर. सगळे आकडे मिमीमध्ये.

| आकार | रुंदी × खोली × उंची | X | Y | Z |
|---|---|---|---|---|
| पुढचा ठोकळा | 120 × 42 × 30 | 0 | 0 | 0 |
| मागचा ठोकळा | 120 × 50 × 90 | 0 | 40 | 0 |
| पुढची मोठी पोकळी | 76 × 38 × 40 | 2 | 2 | 2 |
| पुढची लहान पोकळी | 38 × 38 × 40 | 80 | 2 | 2 |
| मागची मोठी पोकळी | 76 × 46 × 100 | 2 | 42 | 2 |
| मागची लहान पोकळी | 38 × 46 × 100 | 80 | 42 | 2 |

दोन आकड्यांपाशी थांबायला हवं. पुढचा ठोकळा 42 मिमी खोल आहे आणि मागचा 40 वर सुरू होतो, म्हणजे दोघं 2 मिमी एकमेकांत शिरलेले आहेत. हे मुद्दाम केलं आहे. नुसते टेकवलेले ठोकळे एकसंध होतीलच याची खात्री नसते. थोडे एकमेकांत घुसवले की शंका उरत नाही, आणि एकत्र झाल्यावर तो सामाईक भाग दुप्पट होत नाही.

दुसरी गोष्ट पोकळ्यांच्या उंचीची. मागचा ठोकळा 90 मिमी उंच, तर पोकळी 2 पासून 102 पर्यंत जाते. ती वरून 12 मिमी बाहेर डोकावली पाहिजे. पोकळीचा माथा आणि ठोकळ्याचा माथा एकाच पातळीवर ठेवायला गेलात आणि केसभर जरी चूक झाली, तरी कप्प्याच्या तोंडावर कागदासारखा पातळ पापुद्रा राहतो. कोरणाऱ्या आकाराला कापायच्या बाजूने नेहमी भरपूर बाहेर काढा. बाहेरच्या हवेत कापायला काही नसतं, त्यामुळे नुकसान होत नाही.

कोपरे: आतले गोल, बाहेरचे चौकोनी

`Box` निवडला की उजवीकडे `Radius` नावाचा सरकता खुंटा दिसतो. तो वाढवला की ठोकळ्याच्या कडा गोल होतात. नवशिक्याचा हात लगेच बाहेरच्या ठोकळ्याकडे जातो, कारण गोलसर वस्तू छान दिसते. इथे तो मोह टाळावा.

`Radius` फक्त उभे कोपरे गोल करत नाही, बाराच्या बारा कडा गोल करतो. तळाच्याही. तळाची कड गोल झाली की पहिला थर बेडवर कमी जागेत चिकटतो आणि त्यावरचे थर अधांतरी बाहेर पसरत जातात. तिथे कड खरबरीत येते, कधी धागे लोंबतात. शिवाय आपले दोन ठोकळे जिथे जुळतात तिथे दोन्हीकडच्या गोलाईमुळे बाजूला खाच पडेल आणि 2 मिमीची भिंत त्या जागी धोक्यात येईल. तेव्हा पहिल्या डिझाईनमध्ये बाहेरचे ठोकळे चौकोनीच ठेवा.

पोकळ्यांचं मात्र नेमकं उलटं आहे. चारही पोकळ्यांना `Radius` 3 द्या. कोरून झाल्यावर कप्प्याचे उभे कोपरे आणि तळाची आतली कड गोलसर होते. चौकोनी कोपऱ्यात शिसाची पूड आणि खोडरबराचा चुरा अडकून बसतो, गोल कोपऱ्यातून तो बोटाने निघतो. भिंत जिथे तळाला मिळते तिथे जास्तीचं प्लास्टिक राहतं, त्यामुळे ती जागाही भक्कम होते. छपाईला अडचण येत नाही, कारण ही गोलाई वर जाताना कप्पा रुंद करत जाते आणि प्रत्येक थराला खालच्या थराचा आधार मिळतो. पोकळीचा माथाही गोल होतो, पण तो ठोकळ्याच्या बराच वर असल्यामुळे त्याचा काही संबंध येत नाही.

बोटासाठी खाच

पुढच्या मोठ्या ट्रेमधून सपाट खोडरबर उचलायला त्रास होतो, म्हणून पुढच्या भिंतीत अर्धगोल खाच देऊ. यादीतून `Cylinder` आणा, `Hole` करा. `Sides` हा आकडा मुळात 20 असतो आणि वीस बाजूंचं वर्तुळ प्रिंटमध्ये चक्क पैलूदार दिसतं. तो 64 करा. नळकांड्याचा व्यास 30 आणि उंची 20 मिमी लिहा, आणि मगच त्याला आडवं करा: फिरवायचा वक्र बाण पकडून, `Shift` दाबून ठेवून 90 अंश, असं की त्याचं तोंड आपल्याकडे येईल. आधी फिरवून मग मापं लिहायला गेलात तर कुठला आकडा कुठल्या बाजूचा यात गोंधळ होतो.

आता X ला 25 आणि Z ला 15 लिहा. ट्रेचा मध्य X = 40 वर आहे आणि त्रिज्या 15, म्हणून 25. Z पंधरावर ठेवल्याने वर्तुळाचा मध्य बरोबर 30 वर, म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेवर येतो. खालचं अर्धं वर्तुळ भिंत कापतं, वरचं अर्धं हवेत राहतं. Y ला 0 लिहा आणि बाण-कळ 5 वेळा दाबून ते आपल्याकडे 5 मिमी ओढा, म्हणजे ते भिंतीच्या पुढे डोकावेल. मागच्या बाजूला ते Y = 15 वर संपतं. हे तपासणं महत्त्वाचं, कारण त्याचं वरचं टोक 45 मिमी उंचीवर आहे आणि चुकून लांबी वाढली तर मागच्या उंच भिंतीलाही भोक पडेल.

एकत्र करणं

`Ctrl+A` ने सगळं निवडा आणि `Ctrl+G` दाबून गट करा. राखाडी आकार नाहीसे होतात आणि कप्पे उघडे पडतात. इथे एक नियम लक्षात ठेवा: पोकळी तिच्या गटातल्या प्रत्येक भरीव आकाराला कापते, तुम्हाला हवं असो वा नसो. समजा, पेनांच्या कप्प्यात नंतर एक पातळ पडदी टाकायची ठरली. ती गट करण्याआधी आत ठेवलीत तर पोकळी तिलाही खाऊन टाकेल. आधी कोरून गट करा, मग पडदी आत ठेवा, तिचं बूड तळात 1 मिमी शिरवा आणि गट व पडदी मिळून दुसरा गट करा.

काही चुकलं तर घाबरायचं कारण नाही. गट निवडून `Ctrl+Shift+G` दाबा, सगळे तुकडे आकड्यांसकट परत सुटे होतात.

आता दृश्य फिरवून खालून बघा. तळ सपाट आणि अखंड दिसायला हवा. तळाला चौकोनी खिडकी दिसत असेल तर एखादी पोकळी Z = 0 वर आली आहे. याचं नेहमीचं कारण म्हणजे `D` ही कळ. ती निवडलेला आकार पटलावर टेकवते. भरीव आकारासाठी ही कळ फार कामाची आहे, पण पोकळीवर दाबली की तळच गेला. उलटी चूकही होते: एखादा ठोकळा पटलाच्या खाली गेलेला असतो. पटल काही कापत नाही, खालचा भागसुद्धा फाइलमध्ये जातो.

फाइल काढणं आणि स्लायसरमध्ये तपासणं

मॉडेल निवडा, वरचं `Export` दाबा आणि `.STL` घ्या. ही फाइल स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे प्रिंटरसाठी थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडा: क्युरा, प्रुसास्लायसर किंवा तुमच्या प्रिंटरचा स्वतःचा. STL फाइलमध्ये नुसते आकडे असतात, ते मिलिमीटर आहेत की इंच हे लिहिलेलं नसतं. स्लायसर ते मिमी धरतो. मॉडेल बेडवर बटणाएवढं दिसलं तर टिंकरकॅडच्या `Settings` मध्ये एकक इंच झालं आहे का ते पाहा.

पीएलए प्लास्टिकचा धागा, 0.4 मिमीचा नोझल आणि 0.2 मिमीचा थर धरला तर आपला तळ बरोबर 10 थरांचा होतो. सपोर्ट, म्हणजे अधांतरी भागाखाली छापला जाणारा तात्पुरता आधार, बंद ठेवा, या आकारात कुठेच अधांतरी भाग नाही. इनफिल, म्हणजे आतला भराव, 10 टक्के की 30 टक्के यावर डोकं खपवू नका. 2 मिमीची भिंत दोन्ही बाजूंच्या बाह्यरेषांनीच जवळजवळ भरून जाते, आत भरायला जागा उरत नाही. चौकोनी कोपरे बेडवरून उचलले जाण्याची शक्यता असते, म्हणून 5 मिमीचा ब्रिम, म्हणजे पहिल्या थराभोवतीची पातळ झालर, द्यावा.

स्लायसरने दाखवलेलं वजन बघायला विसरू नका. वरच्या मापांनी हा ऑर्गनायझर साधारण 100 घन सेंटिमीटर प्लास्टिक खातो, म्हणजे पीएलएमध्ये 125 ग्रॅमच्या आसपास, एक किलोच्या रिळाचा आठवा हिस्सा. आकडा याच्या बराच वर गेला असेल आणि थरांच्या चित्रात कप्पे बंद दिसत असतील, तर गट करायचं राहिलं आहे. गटात न घेतलेली पोकळी फाइलमध्ये जातच नाही, मागे नुसता भरीव ठोकळा उरतो. छापून देणारे बरेच जण ग्रॅमवर पैसे घेतात, तेव्हा हा आकडा खिशाशीही जोडलेला आहे. मुलांच्या शाळेत नीती आयोगाच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे थ्रीडी प्रिंटर असतो, शिक्षकांना विचारून पाहायला हरकत नाही.

पूर्ण वस्तू छापायला कित्येक तास लागतात. त्याआधी फक्त तळाकडचा भाग छापून मापं तपासता येतात. डॅशबोर्डवर डिझाईनची प्रत काढा. प्रतीत 140 × 110 × 100 मिमीची एक पोकळी आणा, तिचा Z 10 करा, ती मॉडेलच्या सगळ्या बाजूंनी बाहेर येईल अशी ठेवा आणि गट करा. उरते 10 मिमी उंचीची उथळ थाळी, चारही कप्प्यांच्या खऱ्या मापांची. त्यात कात्री, पट्टी, पिनांची डबी उभी करून बघा. कप्पा अडत असेल तर मूळ डिझाईन सुटं करून पोकळीचा आकडा वाढवा आणि तेवढाच बाहेरच्या ठोकळ्यांचाही, शिवाय तिच्या उजवीकडच्या पोकळीचा X किंवा मागच्या आकारांचा Y तेवढाच वाढवा. नाहीतर वाढवलेली जागा भिंतीतून जाईल.

छापून झालेला ऑर्गनायझर उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. पीएलए 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. खोलीत ते तापमान येत नाही, पण मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या वस्तूच्या भिंती वाकतात. प्रिंट दुकानातून घेऊन येताना मध्येच जेवायला थांबलात, तर पिशवी सोबत न्या.